ऐकलेली बातमी परत सांगता येते का?

वाशिम, रिसोड किंवा कारंजा इथल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे बहुतेक विद्यार्थी इंग्रजी वाचू शकतात. व्याकरणाचे प्रश्नही सोडवतात. मात्र तेच इंग्रजी कानावर पडले की पहिल्या दोन-तीन वाक्यांनंतर धागा सुटतो. यावर नेहमीचा सल्ला असतो की रोज इंग्रजी बातम्या ऐका, हळूहळू कान तयार होईल. हा सल्ला अपुरा आहे. बातम्या मागे चालू ठेवून कपड्यांना इस्त्री करणारा माणूस वर्षभराने त्या आवाजाला सरावतो, पण त्या भाषेला सरावला असे म्हणता येत नाही. ऐकण्याची सवय लागते ती ऐकल्यानंतर लगेच जे करायचे त्यामुळे, आणि ते काम म्हणजे मथळे त्याच भाषेत, स्वतःच्या शब्दांत, मोठ्याने सांगणे. या सांगण्याला भाषणाचा सराव समजू नये. आपण नेमके काय ऐकले आणि काय ऐकले असे फक्त वाटले, यातला फरक दाखवणारी ती तपासणी आहे.

या कामासाठी आकाशवाणीचे इंग्रजी बातमीपत्र विशेष सोयीचे आहे, ते त्याच्या बांधणीमुळे. सकाळी सव्वाआठचे आणि रात्री नऊचे बातमीपत्र साधारण पंधरा मिनिटांचे असते. सुरुवातीला ठळक बातम्या, मग प्रत्येकीचा तपशील आणि शेवटी पुन्हा त्याच ठळक बातम्या. म्हणजे एकच मजकूर एका बैठकीत तीनदा कानावर येतो, आधी आटोपशीर, मग सविस्तर आणि मग परत आटोपशीर. अभ्यासकाने मुद्दाम आखावा तसा हा क्रम आयता मिळतो. शिवाय सकाळच्या इंग्रजी बातम्या संपल्या की साडेआठला मराठी बातम्या असतात, तेव्हा आशय बरोबर कळला का हेही तासाभरात ताडून पाहता येते. ‘न्यूजऑनएअर’च्या अ‍ॅपवर आणि संकेतस्थळावर बातमीपत्रे नंतर ऐकता येतात, मजकूरही वाचायला मिळतो. त्यामुळे खेड्यात रेडिओ खरखरत असला तरी अडत नाही आणि चुकलेले वाक्य परत ऐकता येते.

आता प्रत्यक्ष रीत. सुरुवातीच्या महिन्यांत पूर्ण पंधरा मिनिटे ऐकायचा हट्ट धरू नका, फक्त ठळक बातम्या घ्या. त्या मिनिट-दीड मिनिटांत संपतात. पहिल्यांदा न थांबवता, हातात पेन न घेता ऐका. ध्वनिफीत थांबवा आणि मनात दहापर्यंत मोजा. मग फोनचा रेकॉर्डर सुरू करून जे आठवते ते इंग्रजीत बोला. कोणी, काय केले, कुठे आणि किती, एवढेच. प्रत्येक बातमीला एक वाक्य पुरे. नंतर दुसऱ्यांदा ऐका, या वेळी फक्त नावे आणि आकडे टिपा, आणि परत बोला. त्यानंतर एकाच बातमीचा तपशील ऐका. शेवटच्या ठळक बातम्या मात्र परीक्षा म्हणून ऐका, तुमची वाक्ये तिथे जुळतात का ते पाहा. लिहिलेला मजकूर सगळ्यात शेवटी उघडायचा. हे सगळे वीस मिनिटांत होते. दहापर्यंत मोजण्याची अट किरकोळ वाटेल, पण सगळी मदार तिच्यावर आहे. नुकताच ऐकलेला ध्वनी काही क्षण कानात घुमत राहतो, तेवढ्यात बोलले तर अर्थ न कळताही वाक्य जसेच्या तसे परत करता येते. थोडा अवकाश गेला की ध्वनी विरतो आणि जे समजले असेल तेवढेच हाती राहते.

एक उदाहरण वाशिमचेच घेऊ. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान वाशिम जिल्ह्यात आले होते. त्या दिवशी पीएम-किसान योजनेचा अठरावा हप्ता इथून वितरित झाला, सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांना जवळपास २०,००० कोटी रुपये. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटनही झाले. इंग्रजी बातमीपत्रात अशी बातमी ज्या साच्यात येते, त्या साच्यातले वाक्य सरावासाठी असे बांधता येईल: ‘प्राइम मिनिस्टर नरेंद्र मोदी हॅज रिलीज्ड द एटीन्थ इन्स्टॉलमेंट ऑफ पीएम-किसान फ्रॉम वाशिम, ट्रान्सफरिंग अबाउट ट्वेन्टी थाउजंड क्रोर रुपीज टू नाइन पॉइंट फोर क्रोर फार्मर्स.’ पहिल्या ऐकण्यानंतर नवा अभ्यासक बहुधा असे काहीतरी बोलेल: ‘मोदी केम टू वाशिम. फार्मर्स गॉट ट्वेन्टी थाउजंड रुपीज.’ मनातल्या मनात विचारले असते तर त्याने बातमी समजली असेच उत्तर दिले असते. मोठ्याने बोलल्यामुळे दोन गोष्टी उघड्या पडल्या. मूळ वाक्यातली मुख्य क्रिया रक्कम वितरित करण्याची होती, येण्याची नव्हे. वाशिम हा ओळखीचा शब्द ऐकून उरलेले वाक्य त्याने अंदाजाने भरले. आणि रकमेतला ‘क्रोर’ गळला, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला वीस हजार मिळाल्यासारखे झाले.

ही दुसरी चूक पकडायला मजकूर उघडावा लागत नाही. हप्ता दोन हजारांचा असतो हे शेतकरी कुटुंबातल्या कोणालाही माहीत आहे. वीस हजार कोटींना ९.४ कोटींनी भागले की दोन हजारांच्या थोडे वरच येते, म्हणजे ‘ट्वेन्टी थाउजंड’च्या पुढे ‘क्रोर’ असलाच पाहिजे. असा ताळा करत दुसऱ्यांदा ऐकले की आधी निसटलेला शब्द स्पष्ट ऐकू येतो. मग दुसरे सांगणे होईल: ‘द प्राइम मिनिस्टर रिलीज्ड द एटीन्थ इन्स्टॉलमेंट ऑफ पीएम-किसान इन वाशिम. मोअर दॅन नाइन क्रोर फार्मर्स विल गेट ट्वेन्टी थाउजंड क्रोर रुपीज.’ हे वाक्य मूळ वाक्यासारखे नाही, अर्थ मात्र तोच आहे. सारांश चांगला आहे की नाही हे एवढ्यावरून ओळखावे. मूळ वाक्य एक लांबलचक होते, इथे त्याची दोन झाली, ‘हॅज रिलीज्ड’चे ‘रिलीज्ड’ झाले, शेतकऱ्यांचा आकडा ढोबळ झाला. ऐकलेले इतके मोडून परत जोडता आले तर ते समजले आहे. आकड्यांचा आणखी एक सापळा पुढे लागतो. आकाशवाणी कोटीत बोलते. परदेशी वाहिनीवर हीच बातमी नव्वद-एक दशलक्ष शेतकरी आणि दोनशे अब्ज रुपये अशी, म्हणजे ‘मिलियन’ आणि ‘बिलियन’मध्ये येईल. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे रूपांतर कागदावर येत असले तरी चालत्या बातमीत सुचत नाही. ते तोंडीच घोटावे लागते.

मजकूर उघडल्यावर प्रत्येक चुकीचे कारण शोधायचे. ऐकण्यातल्या सगळ्या चुका एका जातीच्या नसतात आणि त्यांच्यावर एकच उपाय चालत नाही. निसटलेले वाक्य वाचूनही कळत नसेल तर अडचण शब्दसंग्रहाची आहे. तो शब्द शिकावा, पुन्हा पुन्हा ऐकून उपयोग नाही. वाक्य वाचताच लख्ख कळत असेल, तर शब्द डोळ्यांना माहीत होता, कानांना नव्हता. वाचून इंग्रजी शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी अडचण हीच असते. मराठीत जवळपास प्रत्येक अक्षर आपला वाटा घेऊन उच्चारले जाते, इंग्रजीत मात्र आघात असलेला भाग उठून येतो आणि बाकीचा आक्रसतो. ‘हॅज बीन’, ‘टू द’, ‘ऑफ द’ हे तुकडे पुस्तकात जेवढे मोठे दिसतात तेवढे कानाला येत नाहीत. ‘एटीन्थ’ आणि ‘एटीएथ’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरकही मुख्यतः आघाताने ठरतो. अशा वेळी मजकूर समोर ठेवून ते एकच वाक्य चार-पाच वेळा ऐकावे आणि निवेदकाच्या चालीने म्हणावे. तिसरा प्रकार वेगळा. शब्द सगळे ओळखू आले, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात पुसली गेली. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे आपला कान शेवटची वाट पाहतो. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद सुरुवातीलाच येऊन जातात, शेपटीला ठिकाण, वार आणि आकडे असतात. म्हणून ‘कोण’ आणि ‘काय केले’ एवढे पहिल्या चार-पाच शब्दांत पकडायचे आणि पुढचे सुटले तर सुटू द्यायचे. चौथ्या प्रकारात सगळे कळलेले असते, पण बोलायला वाक्य सापडत नाही. तिथे निवेदकाचेच एखादे क्रियापद उसने घेऊन दुसऱ्या दिवशीच्या बातमीत वापरावे. वहीत या चार प्रकारांचे चार रकाने करून चुका नोंदवल्या की पंधरवड्यात कळते, आपला रकाना कोणता भरतो आहे.

इथे कोणी म्हणेल, ऐकणे आणि बोलणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, मग एकात दुसरे का घुसडायचे? याचे उत्तर कॅनडाच्या अनुभवात सापडते. तिथे १९६५मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट इथे इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. ही मुले वर्षानुवर्षे वर्गात फ्रेंच ऐकत होती. त्यांची समज फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, बोलण्यात मात्र व्याकरणाच्या ठळक चुका राहिल्या. भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५मध्ये यावरून मांडले की निव्वळ ऐकणारा शब्द आणि संदर्भ जोडून अर्थ काढतो, वाक्याच्या जोडणीकडे त्याचे लक्ष जायलाच हवे असे नाही. स्वतः बोलायची वेळ आली की कोणता दुवा आपल्याकडे नाही हे जाणवते, आणि पुढच्या ऐकण्यात लक्ष नेमके तिथे जाते. पंतप्रधानांच्या बातमीच्या वाक्यात ‘वाशिम’ आणि ‘फार्मर्स’ एवढ्यावर भागवणारा श्रोता हाच. दुसरा आधार स्मरणाच्या अभ्यासातला आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी ते परत वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत परत वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. तो प्रयोग वाचनाचा होता, तो जसाच्या तसा ऐकण्याला लावता येणार नाही. पण तीच बातमी चौथ्यांदा ऐकावी की एकदा आठवून सांगावी, या प्रश्नावर त्याचा कौल स्पष्ट आहे. परत ऐकल्याने लगेच बरे वाटते, आठवून सांगितलेले टिकते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. समोर शिक्षक नाही, चूक दाखवणारे कोणी नाही, मग रोज चुकीचे इंग्रजी बोलून चुकाच पक्क्या होणार नाहीत का? ही भीती खोटी नाही. म्हणूनच वर मजकूर शेवटी उघडायला सांगितले आहे, उघडूच नका असे नाही. रेकॉर्ड केलेले सांगणे आणि मजकूर शेजारी ठेवला की निदान काळ, उपपदे आणि शब्दयोगी अव्यये यांतल्या चुका दिसतात. पण सगळ्या चुका एकाच दिवशी दुरुस्त करायला गेले की बोलण्याचीच धास्ती बसते. एका आठवड्याला एकच गोष्ट घ्यावी, जसे की या आठवड्यात फक्त भूतकाळ. मथळ्यात बरेचदा वर्तमानकाळ वापरतात, ‘पीएम रिलीजेस’, पण आपण घडून गेलेली गोष्ट सांगतो आहोत, तेव्हा ‘रिलीज्ड’ म्हणायचे. ज्या चुकीकडे आठवडाभर बारीक लक्ष होते तीच सुटते. बाकीच्या चुका चालू राहिल्या तरी त्यांची पाळी पुढे येणारच असते.

तिसरा प्रश्न: सारांश मराठीत सांगितला तर काय बिघडते? समज तपासायला तोही चालतो, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत इंग्रजीत वाक्यच फुटत नसेल तर मराठीत किंवा आपल्या वऱ्हाडीत सांगायला हरकत नाही. पण त्यावर थांबले तर इंग्रजी वाक्याची बांधणी कधीच हाताळावी लागत नाही. मराठीत सांगताना कर्ता, काळ आणि कोणी कोणाला काय दिले हे सगळे मराठी आपोआप नीट लावून देते, त्यामुळे जे इंग्रजीत ऐकूच आले नव्हते त्याची उणीव झाकली जाते. मराठी बातम्यांचा उपयोग दुसऱ्या जागी आहे. एखाद्या दिवशी मथळे अगदीच डोक्यावरून जात असतील, सहापैकी दोनही पकडता येत नसतील, तर आधी साडेआठच्या मराठी बातम्या ऐकाव्यात आणि मग सव्वाआठच्या इंग्रजी बातम्या अ‍ॅपवर लावाव्यात. आशय आधी माहीत असला की लक्ष ध्वनीकडे देता येते. यात आयत्या माहितीवर बोलण्याचा धोका आहे. म्हणून अशा दिवशी आशयाचे श्रेय घ्यायचे नाही, फक्त इंग्रजी क्रियापदे आणि आकडे कानाने पकडले का एवढेच तपासायचे. सहापैकी चार मथळे पहिल्याच ऐकण्यात सांगता येऊ लागले की हा आधार सोडावा आणि एका बातमीऐवजी तीन बातम्यांचे तपशील घ्यावेत.

ही रीत इंग्रजीपुरती नाही. पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलणाऱ्या मुलांसाठी प्रमाण मराठी हीच शिकायची भाषा असते. त्यांच्यासाठी आकाशवाणीच्या मराठी बातम्या तेच काम करतात. त्यांची मुख्य अडचण मात्र बहुधा ध्वनीची नसते. ‘अधिसूचना’, ‘विनियोग’, ‘तरतूद’ असे सरकारी शब्द आणि लांबलेली कर्मणी वाक्ये अडतात. त्यांचा पहिला रकाना जास्त भरेल, म्हणून त्यांनी मजकूर लवकर उघडावा आणि ‘निर्णय घेण्यात आला’चे ‘सरकारने निर्णय घेतला’ असे करून सांगावे.

बातम्यांच्या भाषेची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. आकाशवाणीचे निवेदक संथ, स्वच्छ आणि भारतीय उच्चारांत बोलतात. सुरुवातीला ही सोय आहे, पण तेवढ्यावर तयार झालेला कान लंडनच्या वाहिनीवर किंवा पुण्यातल्या कंपनीच्या फोनवरील मुलाखतीत पुन्हा अडखळतो. बातमीत कोणी बोलणे मध्येच तोडत नाही, वाक्य अर्धे सोडत नाही, प्रश्न विचारत नाही. मुलाखतीत हे सगळे होते. म्हणून पूर्ण बातमीपत्र ऐकून त्यातले बहुतेक मुद्दे सांगता येऊ लागले की त्याच वीस मिनिटांत साहित्य बदलावे. रीत तीच राहील. आधी दुसऱ्या उच्चारांच्या बातम्या घ्याव्यात, मग दोन माणसांची चर्चा घ्यावी आणि कोणाचे म्हणणे काय होते ते वेगवेगळे करून सांगावे. बदल पेलतो आहे का हे वहीतच दिसते. नव्या साहित्यात पहिल्या आठवड्यात सांगता आलेल्या मुद्द्यांचा आकडा घसरेल, त्यात नवल नाही. तीन आठवड्यांनी तो वर आला नाही तर साहित्य एक पायरी अवघड निवडले गेले आहे. तेव्हा जास्त तास ऐकत बसण्यापेक्षा एक पायरी खाली यावे.

शेवटी मोठ्याने बोलण्याची अडचण. एका खोलीच्या घरात किंवा अभ्यासिकेत रोज पाच मिनिटे इंग्रजीत बोलणे संकोचाचे वाटते. यावर मनात बोलणे हा पर्याय नाही, कारण मनातले वाक्य अर्धवट असले तरी पूर्ण वाटते. शेताकडे जाताना, गच्चीवर किंवा बसथांब्यावर फोन कानाला लावून हळू आवाजात बोलले तरी चालते, पाहणाऱ्याला कोणाशी तरी बोलतो आहे असेच वाटते. फक्त ओठ हलले पाहिजेत आणि वाक्य पूर्णविरामापर्यंत गेले पाहिजे. दर शनिवारी त्या आठवड्याचे पहिले आणि शेवटचे रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. पहिल्या ऐकण्यात किती मथळे आले, किती आकडे बरोबर होते आणि चारांपैकी कोणता रकाना आटला, या तीन नोंदींवरून पुढच्या आठवड्यात काय दुरुस्त करायचे ते ठरवता येते.